प्रतिसाद: सुरुवात कोर्टापासून करा

> फक्त सिनेमे पाहिलेत. रेकॉर्ड केलेलं नाटक लावलं की सगळे ओरडतायत असं वाटतं.

आवाज शेवटच्या रांगेसाठी लावलेला असतो आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ, म्हणून तसं वाटतं. त्यामुळे पूर्ण रंगमंच दिसेल असं, शक्यतो प्रेक्षकांसमोर झालेलं चित्रीकरण निवडा. सततच्या क्लोजअपमध्ये नाटक अर्धं कापलं जातं.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) सुरुवातीला बरं. एकच खोली, गंमत म्हणून मांडलेला खोटा खटला. सिनेमावाल्याला लगेच धागा सापडतो. शेवटी खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेला बोलायला दहा सेकंद मिळतात. प्रकाश बदलतो, बाकीचे जागच्या जागी गोठतात आणि ती कितीतरी वेळ बोलते. मग न्यायाधीश झालेले काशीकर सांगतात, वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही. म्हणजे ते बोलणं कोर्टाने ऐकलेलंच नाही! कॅमेरा फक्त तिच्यावर राहिला तर गोठलेली माणसं दिसत नाहीत आणि ‘एवढं बोलली तरी कुणी उत्तर का देत नाही’ असा गोंधळ होतो.

याच नाटकावरचा सत्यदेव दुबेंचा १९७१चा सिनेमा नंतर पाहा, आधी नको.