बाथरूममध्ये वॉशिंग मशीन बसवताना तुमच्याकडे काय काय झालं? अनुभव लिहा

गोदाकाठची

काल धाकट्या बहिणीचा फोन, नांदेडच्या नवीन फ्लॅटमधून. ताई, मशीनला जागाच ठेवली नाही गं, बाल्कनीत दिवसभर ऊन अन् धूळ, बाथरूममध्येच लावावं लागणार, फिटर विचारायलाय पाइप कुठं सोडू. हे ऐकलं अन् मला आमचं परभणीचं भाड्याचं घर आठवलं. तिथंपण बाथरूममध्येच होतं, फ्रंट लोड. बटण दाबलं की पाणी आत जायचा आवाज सुरू, सुरू म्हणजे सुरूच, काचेतून बघावं तर कपडे नुसते ओले, पाणी काही साठतच नाही. सासूबाई म्हणायच्या ह्याला कसली तहान लागलीय काय की. तेव्हा नळ आठ दिवसाला, अन् हे मशीन वरची टाकी पिऊन बसायचं. मेकॅनिक आला, पाण्याचा वॉल्व्ह बदलला, पैसे घेतले, परत तेच. पुढं आम्ही घर बदललं अन् तेच मशीन काही न करता मस्त चालायला लागलं! आजपर्यंत कोडं आहे.
तर तुमच्याकडे पाण्याची तोटी, ड्रेन पाइप, सॉकेट, शिंतोडे यांचं काय केलं ते लिहा, बहिणीला लिंक पाठवते.

खमंग_धपाटे

आमचं बाथरूम एवढं मोठं की मशीन आत ठेवलं तर माणसानं बाहेर उभं राहून आंघोळ करायची 😂 वाचतेय.

लातूरचे_काका

ताई, तुमचं कोडं सोपं आहे. बरीच वर्षं हेच काम केलं मी. परभणीच्या घरात ड्रेन पाइप मागून सरळ खाली सोडून न्हाणीच्या जाळीत घातलेला असणार. बरोबर का?
फ्रंट लोडला पाणी अडवायला खाली झाकण नसतं. टबातलं पाणी पंपातून थेट पाइपात जातं, ते थांबतं फक्त पाइप वर चढवलाय म्हणून. पाइपाचा सगळ्यात उंच भाग टबातल्या पाण्याच्या पातळीच्या वर पाहिजे. पाइप जमिनीवर लोळत असेल तर एका बाजूनं पाणी आत येतं, दुसऱ्या बाजूनं जाळीत. मशीनला वाटतं अजून भरलंच नाही, म्हणून ते तोटी बंद करत नाही. वॉल्व्ह बदलून काय होणार, वॉल्व्ह चांगलाच होता.
बहुतेक मशीनला जमिनीपासून साधारण दोन फूट ते सव्वातीन फूट, म्हणजे ६० ते १०० सेंटिमीटर उंची लागते. पुस्तकात आकडा दिलेला असतो, मॉडेलप्रमाणे थोडा फरक, तोच धरायचा.

गोदाकाठची

काका 🙏🙏 अगदी जाळीतच होता! अन् नव्या घरात भिंतीत वर पाइप काढून ठेवलेला होता, आधीच्या भाडेकरूनं. आता कळलं. पण वॉल्व्हच खराब असता तर कसं ओळखायचं?

लातूरचे_काका

मशीन बंद करा, प्लगपण काढा, तोटी मात्र चालू ठेवा. तरीही टबात पाणी वाढत असेल तर वॉल्व्ह गळतोय. आता उलटं बघा. पाणी भरत असताना पंपाचा आवाज नाही अन् तरी पाइपाच्या तोंडातून धार येतेय, तर उंचीचा दोष. तेव्हा पाइपाचं तोंड हातानं मशीनच्या वरच्या कडेला धरा. धार थांबून टबात पाणी साठायला लागलं की समजायचं, पार्ट बदलायची गरज नाही.

सेलूकर

म्हणजे जेवढा उंच तेवढा चांगला. आमच्या फिटरनं खिडकीतून बाहेर काढलाय, सहा फुटावर, एक नंबर चालायलंय.

लातूरचे_काका

सहा फुटावर नको भाऊ. तो पंप छोटा असतो, एवढ्या उंचीवर पाणी फेकताना दमतो. अन् पंप थांबला की पाइपात चढलेलं मळकं पाणी परत टबात उतरतं. कपड्यांना कुबट वास येतो का?

सेलूकर

येतो 😐 आम्ही पावडर बदलून बघत होतो.

बीडवाली_सुनबाई

आमच्याकडे सेमी ऑटोमॅटिक आहे तर मी हे वाचून आत्ताच पाइप उचलून बादलीवर ठेवला, पाणी जातच नाही!! काका काय करू, धुणं अर्धं झालंय, सासरे यायलेत जेवायला

लातूरचे_काका

खाली ठेवा आधी! सेमीला बहुतेक पंप नसतो, पाणी उताराने आपोआप जातं, त्याचा पाइप जमिनीलाच पाहिजे. मी सांगितलं ते फ्रंट लोडचं. टॉप लोडमध्ये दोन्ही प्रकार येतात, पंपवाले अन् बिनपंपाचे. बिनपंपाच्याला दारातला उंबरा ओलांडायला लावला तरी तळाला पाणी राहतं.

बीडवाली_सुनबाई

गेलं गेलं. थँक्यू काका

खमंग_धपाटे

सुनबाई जेवायला काय केलंय 😄

बीडवाली_सुनबाई

शेपूची भाजी अन् भाकरी. धुणं राहू दे, भाकरी जळायलीय

पैठणगेट

ड्रेनचं माझंपण एक. आमच्याकडे भिंतीत अडीच फुटावर पाइप होता, उंची बरोबर, तरी मशीन थोडं थोडं रिकामं व्हायचं. प्लंबरनं वास येऊ नये म्हणून पाइपाभोवती सिलिकॉन भरून गच्च बंद केलेलं. दुसऱ्या माणसानं ते खरवडून काढलं अन् म्हणाला हवा जायला जागा ठेवा, नाहीतर पाणी एकदा ओढ धरलं की वरूनपण खेचून नेतं. पाइप वीतभर आत, पुन्हा पडू नये म्हणून क्लिप, अन् बाजूनं फट. तेव्हापासून ठीक. वास थोडा येतो, ते खालच्या ट्रॅपमध्ये पाणी सुकलं की येतो, तांब्याभर ओतलं की जातो.

वायरमन_जालना

सगळे पाण्यावरच बोलायलेत, सॉकेटवर कोणीच नाही. जीव त्याच्यानं जातो राव.
बाथरूममध्ये मशीनचं सॉकेट काढायचंच असेल तर शॉवर अन् बादलीच्या कोपऱ्यापासून जेवढं लांब जाईल तेवढं, छातीच्या उंचीवर, झाकणवालं. माझं मत विचाराल तर सॉकेट बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर घ्या, भिंतीला वरच्या बाजूला भोक पाडून वायर बाहेर काढा. ओल्या हातानं कोणी प्लग काढणार नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित वर चढतं ठेवा म्हणजे वायरीवरून ओघळ येऊन सॉकेटात जाणार नाही.
गीझरच्या पॉइंटवर टू-पिन, थ्री-पिन असलं काही जोडू नका. गरम पाण्याच्या प्रोग्रामला फ्रंट लोडचा हीटर दोन हजार वॉटच्या आसपास घेतो, गीझरपण तेवढाच. दोन्ही एकदम चालू झाले तर सतरा अँपिअरच्या वर जातं, पॉइंट सोळाचा. पहिल्या दिवशी काही होत नाही, महिन्यानं प्लगची पिन काळी पडलेली दिसते.

खमंग_धपाटे

आमच्या शेजारी एक्स्टेन्शन बोर्ड साबणदाणीत ठेवलाय 🙈

वायरमन_जालना

त्यांना आजच सांगा. थट्टा नाही ही.

अंबाजोगाई_एक्सप्रेस

दादा आमच्या मशीनला हात लावला की मुंग्या येतात, पायात चप्पल असली की नाही. मशीनच खराब आहे ना?

वायरमन_जालना

मशीन ठीक असू शकतं, अर्थिंग नसण्याची शक्यता जास्त. मशीनच्या आत एक फिल्टर असतो, तो थोडा करंट बॉडीकडे सोडतोच, अर्थची वायर असली तर तो जमिनीत जातो, नसली तर तुमच्या अंगातून जातो. पण हीटर फुटला असेल तरीपण असंच होतं, म्हणून घरी बसून ठरवू नका. वायरमनला बल्ब लावून बघायला सांगा. फेज अन् न्यूट्रलमध्ये बल्ब पूर्ण पेटतो तसाच फेज अन् अर्थमध्येपण पेटला पाहिजे. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर अर्थिंग गेलंय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, पाणी घालत राहावं लागतं. अन् ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवा. तोपर्यंत मशीन वापरू नका.

अंबाजोगाई_एक्सप्रेस

प्यायला पाणी नाही अन् खड्ड्याला घालायचं 😅 बरं घालतो. वायरमनला फोन लावलाय.

हुरडा_पार्टी

२०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या घरी मशीनला कापड गुंडाळून ठेवलेलं, हातानं धुणं अन् तेच पाणी संडासात. आता बोअरवर चालतं पण बोअरचं पाणी म्हणजे चुनाच. भरायला उशीर लागतो, मग एरर येतो. टाकी एकच मजला वर आहे. बूस्टर पंप लावायचा का?

लातूरचे_काका

आधी तोटीकडून येणाऱ्या पाइपाचं मशीनकडचं टोक उघडा, म्हणजे तोटी बंद करून. आत बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, पकडीनं हळू ओढली की निघते. तिच्यावर पांढरा थर अन् वाळूचे कण दिसतील. लिंबाच्या पाण्यात भिजवून जुन्या ब्रशनं घासा. तरी धार बारीक असेल तर मग पंपाचा विचार करा. खालच्या मजल्यावरच्या लोकांना सहसा प्रॉब्लेम येत नाही, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यालाच येतो, कारण पाण्याला उंची मिळत नाही. अन् मशीनसाठी तोटी वेगळी घ्या, आट्याची. बादलीच्या तोटीला रबरी पाइप चढवून क्लिप आवळली की तो एक दिवस सुटतो अन् आपण बाजारात असतो.

पैठणगेट

शिंतोड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. आम्ही मशीनखाली सिमेंटचा चार इंची ओटा करून घेतला, वरून टाइल, उतार नाही, एकदम लेव्हल. चाकाचा स्टँड आणला होता तो स्पिनच्या वेळी दारापर्यंत चालत यायचा. मध्ये प्लॅस्टिकचा पडदा, छतापासून मशीनच्या खालपर्यंत. बटणांची बाजू पडद्याकडे येऊ दिली नाही.

गोदाकाठची

बहीण म्हणते वरून कव्हर घातलं की पडदा नको.

पैठणगेट

कव्हर आतून घाम धरतं ताई, आमचं खालून गंजलं त्याच्यानंच.

सेलूकर

आमचं कव्हर पाच वर्षं आहे, गंज नाही. बाथरूमला खिडकी आहे म्हणून असेल.

बीडवाली_सुनबाई

सासरे जेवून गेले. पण एक सांगा, सेमीच्या मागच्या बाजूनं उंदीर आत जातो खालून, त्याला काय लावायचं? जाळी लावली तर पाइप कुठून काढू?

खमंग_धपाटे

आमच्याकडे मांजर लावलंय 😹

लातूरचे_काका

सुनबाई, मागून फोटो टाका, कोणत्या बाजूला मोकळं आहे ते बघतो. मोटरला हवा लागते, सगळं बंद करू नका.