खरेकाकांच्या नावाखाली दुसराच फोटो

सी-२०४ पाटीलवहिनी, सकाळी ७.४२
नमस्कार, जरा घाबरले आहे म्हणून इथेच विचारते. काल रात्री अकराच्या सुमारास खरेकाकांना शेअर सर्टिफिकेटचे कागद पाठवले, सोबत पासबुकाचं पहिलं पान. आमच्या जुन्याच चॅटमध्ये पाठवले, वर त्यांचंच नाव आहे. दोन टिक आल्या. आत्ता उत्तर आलंय, "आप कौन?" फोटो बघितला तर बुलेटवर बसलेला कुणी तरुण मुलगा. वरचे सगळे मेसेज मात्र काकांचेच आहेत, अगदी गणपतीच्या वर्गणीपासूनचे.

बी-१०३ देशमुखकाका, ७.५०
काका मार्चमध्येच नाशिकला गेले ना लेकाकडे? त्यांचं व्हॉट्सॲप हॅक झालेलं दिसतंय. सर्वांनी तो नंबर ब्लॉक करा 🙏

ए-५०१ मानसी, ७.५८
देशमुखकाका, जरा थांबा. मी आत्ताच खरेकाकांशी फोनवर बोलले. हॅक वगैरे काही नाही. वहिनी, आधी एक करा. पाठवलेल्या फाइलवर बोट दाबून ठेवा, Delete आणि मग Delete for everyone. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवस हे करता येतं. चुकून Delete for me दाबू नका, मग फक्त तुमच्याकडून जाईल आणि त्याच्याकडे तशीच राहील.

सी-२०४ पाटीलवहिनी, ८.०४
केलं. तिन्ही फाइलींच्या जागी आता You deleted this message दिसतंय. म्हणजे त्याच्याकडूनही गेलं का?

ए-५०१ मानसी, ८.०६
चॅटमधून गेलं. पण त्याने फाइल उघडून फोनमध्ये ठेवली असेल तर ती प्रत आपल्याला काढता येणार नाही. त्याला नीट शब्दांत लिहा, नंबर पूर्वी ओळखीच्यांचा होता, चुकून कागद आले, काढून टाका म्हणून. आणि बँकेत एकदा फोन करून ठेवा.

सी-२०४ पाटीलवहिनी, ८.०९
लिहिते लगेच. पण माझ्या आणि काकांच्या सगळ्या जुन्या गप्पा आता तो मुलगा वाचतोय का? घरातलं कितीतरी बोललोय आम्ही.

ए-५०१ मानसी, ८.२१
नाही वहिनी, एक अक्षरही नाही. जुने मेसेज तुमच्या फोनमध्ये आहेत आणि काकांच्या फोनमध्ये. नंबराबरोबर ते नव्या माणसाकडे जात नाहीत. त्याच्याकडे तुमचं चॅट कालच्या फाइलींपासूनच सुरू झालंय.

घोळ कुठे झाला ते सांगते. काकांनी नाशिकला नवं सिम घेतलं आणि त्यावर नव्याने व्हॉट्सॲप सुरू केलं. जुन्या नंबरचं खातं तसंच पडून राहिलं. त्या काळात आपल्याकडून गेलेल्या मेसेजला एकच टिक येत असणार आणि फोटो काकांचाच दिसत असणार. १२० दिवस कुणी वापरलं नाही की व्हॉट्सॲप खातं आपोआप काढून टाकतं. मग फोटो गेला असेल, ग्रुपमधूनही नाव गेलं असेल. इकडे रिचार्ज नाही म्हणून कंपनीने नंबर बंद केला. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, त्यानंतर देऊ शकतात. तो या मुलाला मिळाला आणि त्याने त्यावर स्वतःचं व्हॉट्सॲप सुरू केलं, बस. आपल्या फोनबुकात त्या नंबरापुढे "खरेकाका" लिहिलेलं आहे, म्हणून वर नाव त्यांचं आणि खाली फोटो त्याचा. नाव आपला फोन चिकटवतो.

डी-३०२ साठे, ८.२६
पण काका ग्रुपमधून गेल्याचं कुणालाच कसं कळलं नाही? पूर्वी left असं यायचं ना सगळ्यांना?

ए-५०१ मानसी, ८.३०
२०२२ पासून ते सगळ्यांना दिसत नाही, फक्त ॲडमिनला दिसतं. ॲडमिन मीच आहे, माझ्याकडून निसटलं. मेंबरांच्या यादीच्या तळाशी गेलेल्यांची नावं असतात, पण ६० दिवसांपुरतीच. आत्ता बघितलं, काकांचं नाव तिथूनही गेलंय.

डी-३०२ साठे, ८.३३
वहिनींच्या चॅटमध्ये काही खूण असायला हवी होती ना?

सी-२०४ पाटीलवहिनी, ८.३७
आहे हो! आत्ता वर सरकवून बघितलं. कालच्या फाइलींच्या अगदी वर बारीक अक्षरात security code बदलल्याची इंग्रजी ओळ आहे, काकांच्या नावासकट. मी अशा ओळी कधी वाचतच नाही.

ए-५०१ मानसी, ८.४५
हीच ती खूण. फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं तरी हीच ओळ येते, म्हणून दर वेळी माणूस बदललाय असं नाही. पण बरेच महिने गप्प असलेल्या चॅटमध्ये ती दिसली तर कागद पाठवण्याआधी त्या माणसाला साधा फोन लावा. कुणाला ही ओळ कधीच दिसली नसेल तर Settings, Account, Security notifications इथे जाऊन चालू करा.

काकांनी जुनं सिम चालू असतानाच Settings, Account, Change number केलं असतं तर हे झालंच नसतं. तिथे जुना नंबर, नवा नंबर टाकायचा. कुणाकुणाला कळवायचं तेही विचारतं, सगळ्यांना, ज्यांच्याशी चॅट आहे त्यांना, की निवडक लोकांना. ग्रुपांना तर कळतंच. मग वहिनींच्या जुन्या चॅटमध्ये changed their phone number अशी ओळ आली असती, तिच्यावर बोट ठेवलं की नवा नंबर. काका ग्रुपमध्येही राहिले असते. आता जुना नंबर त्यांच्याकडे नाही, त्यामुळे ते करता येत नाही.

बी-१०३ देशमुखकाका, ८.५२
मी उगाच हॅक म्हणालो, माफ करा वहिनी. मानसी, माझंही एक सांग. आमचा पुतण्या महिनाभर उत्तर देत नाही. फोटो गेला, एकच टिक. घरात सगळे म्हणतात त्याने ब्लॉक केलं. मनाला फार लागलंय.

ए-५०१ मानसी, ९.०१
काका, त्या दोन गोष्टींनी काहीच ठरत नाही. ब्लॉक केलं तरी तसंच दिसतं आणि खातं बंद केलं तरी तसंच. तुमच्या फॅमिली ग्रुपच्या मेंबरांत त्याचं नाव आहे का बघा. ब्लॉक केलेला माणूस ग्रुपमध्ये दिसत राहतो. खातं काढलं की सगळ्या ग्रुपांतून जातो. दुसरं, ब्राउझरमध्ये हे टाका, X च्या जागी त्याचा नंबर:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

चॅट उघडलं तर त्या नंबरावर खातं आहे. नंबर व्हॉट्सॲपवर नाही असं आलं तर खातंच उरलेलं नाही.

बी-१०३ देशमुखकाका, ९.१४
नाही आलं! isn't on WhatsApp म्हणतंय. ग्रुपमध्येही नाव नाही. त्याचे जुने मेसेज मात्र सगळे आहेत, बारशाचे फोटोसुद्धा.

ए-५०१ मानसी, ९.१६
ते राहणारच. खातं काढलं की त्याच्या फोनमधलं जातं, तुमच्याकडचं त्याला हात लावता येत नाही. म्हणजे ब्लॉक नाही काका, त्याने खातं बंद केलंय. त्याला फोन करा.

बी-१०३ देशमुखकाका, ९.१७
आत्ताच लावतो.

सी-२०४ पाटीलवहिनी, ९.२५
त्या मुलाचं उत्तर आलं, "डिलीट कर दिया आंटी, खोला भी नहीं था." जीव भांड्यात पडला. आता काकांचं जुनं चॅट ठेवू की काढू?

ए-५०१ मानसी, ९.२९
ठेवा. फक्त फोनबुकात नाव बदलून "खरेकाका जुना, बंद" करा, म्हणजे पुन्हा तिथे काही जाणार नाही. नव्या नंबराचं चॅट वेगळं उघडेल, दोन्ही जोडता येणार नाहीत. जपून ठेवायचं असेल तर चॅटच्या तीन टिंबांतून Export chat करून स्वतःला मेल करा. खरेकाकांना नव्या नंबरावर ग्रुपमध्ये घेतेय.

खरेकाका (नाशिक), ९.४०
सर्वांना नमस्कार 🙏 पाटीलवहिनी, माझ्यामुळे तुम्हाला रात्रभर घोर लागला, वाईट वाटलं. कागद या नंबरावर पाठवा, पण आधी मला फोन करा. आवाज ऐका, मगच पाठवा.