मदत हवी आहे: डिफ्लेटर बरोबर येतोय पण महागाई दर चुकतोय

नवशिकी
परवा पेपर आहे आणि एकाच गणितावर दोन तास गेलेत. पहिलं वर्ष पायाभूत, नॉमिनल आणि रिअल जीडीपी दोन्ही ५००. दुसऱ्या वर्षी नॉमिनल ६६०, रिअल ५५०. तिसऱ्या वर्षी ७८० आणि ६००. नॉमिनलला रिअलने भागून शंभरने गुणलं तर १००, १२०, १३० आले, ते मागच्या उत्तरांशी जुळतात. मग दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षाची महागाई १३० वजा १२०, म्हणजे १० टक्के ना? मागे ८.३३ दिलंय. गंमत म्हणजे आधीच्या वर्षाला हीच वजाबाकी करून २० टक्के बरोबर आलं होतं.

घाईत_आहे
एवढं कशाला, नॉमिनलची वाढ १८.१८ आणि रिअलची ९.०९, वजा केलं की महागाई ९.०९ टक्के. उत्तर छापताना चुकलंय.

आकडेमोड
छापलेलं बरोबर आहे. नवशिकी, तू पॉइंट मोजलेस, टक्के नाही. १० पॉइंट वाढले ते १२० वर, म्हणून १०/१२० म्हणजे ८.३३. आधीच्या वर्षी सुरुवातच १०० पासून होती म्हणून पॉइंट आणि टक्के एकच निघाले, तिथेच सगळे फसतात.
घाईत, वजाबाकीची युक्ती वाढ दोन-तीन टक्के असेल तर चालून जाते, इथे वाढ मोठी आहे. १.१८१८ ला १.०९०९ ने भाग, १.०८३३ येतं की नाही बघ.

घाईत_आहे
येतंय 🙈

सहज_डोकावलो
माझाही हाच प्रॉब्लेम, मी काढलेला डिफ्लेटरचा दर बातम्यांतल्या महागाईशी कधीच जुळत नाही, नक्की कुठे चुकतंय?

आकडेमोड
चुकत नसेलही. बातम्यांत बहुतेक वेळा ग्राहक किंमत निर्देशांक असतो, त्यात कुटुंबं विकत घेतात तो आयात मालसुद्धा धरतात. डिफ्लेटरमध्ये फक्त देशात तयार झालेलं, मग ते कारखान्याने घेतलेलं मशीन का असेना. वेगळा धागा काढा ना प्लीज.

नवशिकी
कळलं! पण पुढच्या भागात तिसरं वर्ष पायाभूत धरलंय आणि त्या किमतींनी दुसऱ्या वर्षाचा रिअल ७२६ दिलाय. ६६० भागिले ७२६ म्हणजे ९०.९१, तिथून १०० म्हणजे नेमके १० टक्के! मग माझं पहिलं उत्तर बरोबर होतं का??

आकडेमोड
नाही गं, योगायोग. नुसता जुना डिफ्लेटर १३० ने भागून शंभरवर आणला असता तर दुसऱ्या वर्षाला ९२.३१ आला असता आणि दर ८.३३ च राहिला असता. इथे रिअल जीडीपीच नव्या किमतींनी मोजलाय, त्यामुळे वस्तूंचं वजन बदललं. आणि जुन्या पायावर १२० मध्ये दुसऱ्या वर्षाचा माल आहे, १३० मध्ये तिसऱ्याचा, म्हणजे त्या ८.३३ मध्ये किमतींबरोबर मालाची अदलाबदलही थोडी मिसळलीय.

घाईत_आहे
मग खरी महागाई कुठली, ८.३३ की १०?

आकडेमोड
पेपरात प्रश्नात दिलेलं पायाभूत वर्ष धरा. बाकी त्यावर माझं आणि माझ्या सरांचं अजून पटलेलं नाही.