लेखी उत्तर आणि व्हिडिओ उत्तर ताडून मशीनचं लिखाण पकडता येतं का?

शैलजा, रत्नागिरी
आमचा आंबा-काजू बागायतीचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स आहे. ६० विद्यार्थी, १२ आठवडे. दर आठवड्याला एका प्रश्नावर चर्चेत लेखी उत्तर टाकायचं, त्याला गुण. यंदा बरीच उत्तरं एकाच छापाची येतायत, मशीनकडून लिहून घेतल्यासारखी. एक कंपनी म्हणते, विद्यार्थ्याचं तीन मिनिटांचं लाइव्ह व्हिडिओ उत्तर घ्या, आमचं सॉफ्टवेअर ते लेखी उत्तराशी ताडून १०० पैकी आकडा देईल. ४० च्या खाली आला तर मजकूर त्याचा नाही. घ्यावं का?

बापू, चिपळूण
डोळे झाकून घ्या. ज्याला येतं तो बोलतो, ज्याला येत नाही तो कॅमेऱ्यासमोर त-त-प-प करतो. आणि माणसाची भाषा बदलत नाही हो. बोलताना जे शब्द तोंडात, तेच लिहिताना हातात. दहा ओळी ऐकल्या की मी सांगेन कोणाचं लिखाण कोणाचं. नुसते मशीन ओळखणारे डिटेक्टर फसले हे मान्य. ज्या कंपनीनं चॅटजीपीटी काढलं तिनंच स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. पण इथे तुलना त्याच विद्यार्थ्याशी आहे, जगाशी नाही. हा फरक मोठा आहे.

वर्षा के., सध्या पुणे, मूळ गाव वेंगुर्ला
बापू, शेवटचा मुद्दा बरोबर. त्याच माणसाशी तुलना करणं ही कल्पना चांगलीच आहे. पण ‘बोलताना जे, तेच लिहिताना’ हे चूक. माझं रोजचं काम आवाजावरून मजकूर उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शैलजाताई, तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. प्रश्न समजा असा: हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला पांढरट स्पंजासारखा भाग, का होतो आणि तो कमी कसा करायचा? एका मुलाने स्वतः बसून लिहिलं: ‘फळ झाडावर पूर्ण पक्व होऊ दिल्यास साक्याचे प्रमाण वाढते. ८५ टक्के पक्वतेला काढणी करावी. तापलेल्या जमिनीची उष्णता फळास लागू नये म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन करावे.’ आता हाच मुलगा कॅमेऱ्यासमोर मालवणीत काय बोलेल? ‘आंबो झाडार पिकाक दिलास तर साको जास्त. चौदा आणे झालो की काढूचो. आणि खाली कातळ तापता ना, त्याची झळ लागता, म्हणान गवत घालूचा.’

दोन्ही उत्तरं एकच आहेत. चौदा आणे म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के, पुस्तकातल्या ८५ च्या शेजारीच. पण शब्द मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला यात जुळणारे शब्द म्हणजे साका, झाड, गवत असे दोन-चारच, तेही बोलण्याचा उतारा नीट निघाला तर. प्रमाण मराठीवर तयार झालेलं सॉफ्टवेअर ‘चौदा आणे’चं काय करेल सांगता येत नाही. ‘म्हणान’चं बहुतेक ‘म्हणून’ करेल. अडखळणं, ‘अं’, ‘नाय नाय, म्हणजे’ हे सगळं गाळून टाकेल, कारण त्याला स्वच्छ वाक्यं द्यायची सवय लावलेली असते. म्हणजे ज्या खुणांवरून माणूस ओळखायचा, त्याच तुलनेच्या आधी पुसल्या गेल्या.

आता उलट बाजू. ज्या मुलाने मशीनकडून लिहून घेतलं आणि तेच दुसऱ्या मोबाइलवर समोर ठेवून कॅमेऱ्यासमोर वाचलं, त्याचं सगळं तंतोतंत जुळणार. तुमच्या कंपनीचा आकडा त्याला ९० देईल.

बापू, चिपळूण
वाचणारा कळतो की! डोळे एका बाजूला जातात.

वर्षा के.
डोळ्यांवर जाऊ नका. घाबरलेला मुलगाही कॅमेऱ्यात बघत नाही, आणि स्वतःचे चार मुद्दे कागदावर लिहून आणलेलाही खाली बघतो. त्यापेक्षा थांबण्याच्या जागा बघा. मनातून बोलणारा वाक्याच्या मधेच अडतो, अवघड शब्दाच्या आधी घुटमळतो, अर्धं वाक्य सोडून दुसरं धरतो. वाचणारा पूर्णविरामाला थांबतो आणि वाक्य क्वचितच मोडतो. पण हे बघायला मूळ आवाज लागतो, नुसता उतारा उपयोगाचा नाही. पाठ करून बोलणाराही तसाच वाटतो, तेव्हा यालाही पुरावा म्हणू नका.

गणेश तां., देवगड
ऑनलाइन परीक्षेला कॅमेरा सक्तीचा करूच नये असं माझं मत आहे. माझ्या मुलीच्या परीक्षेत लाइट गेली, नेट गेलं, पाच मिनिटांनी परत आत आली तर स्क्रीनवर ‘संशयास्पद हालचाल’. जुलैत आमच्याकडे दुपारी चारला अंधार असतो, चेहरा दिसणार कसा? नंतर फोन करून करून थकलो, कोणी दाद दिली नाही.

शैलजा
गणेशदादा, ही परीक्षा नाही. पण नेटचा मुद्दा आम्हालाही लागू आहे. आमचे निम्मे विद्यार्थी खाडीपलीकडच्या वाड्यांतले, आवाज तुटत तुटत येतो.

वर्षा के.
तुटलेल्या आवाजात उताऱ्यातले शब्द गळतात, म्हणजे आकडा आणखी खाली. हा दोष मुलाच्या खात्यावर जातो, टॉवरच्या नाही.

बापू, चिपळूण
बरं, मालवणीचं पटलं. पण हल्लीची सॉफ्टवेअरं शब्द जुळवत नाहीत, अर्थ जुळवतात. ‘झळ’ आणि ‘उष्णता’ त्यांना कळतं. मग अडचण काय? आणि एखाद्या आठवड्यात चुकून आकडा कमी आला तर सोडून द्या. वारंवार आला तरच पकडा. साधी गोष्ट आहे.

वर्षा के.
अर्थ जुळवणाऱ्यांची भानगड वेगळी आहे. साक्यावर लिहिलेलं उत्तर साक्यावर बोललेल्या कुठल्याही उत्तराशी जुळतं, मग बोलणारा कोणीही असो. विषय एकच, मुद्दे तीन-चारच.

शैलजाताई, म्हणून पैसे देण्याआधी कंपनीकडून एक चाचणी करून घ्या. दहा विद्यार्थ्यांना तुमच्या केंद्रावर बोलवा, मोबाइल बाहेर ठेवून हाताने उत्तर लिहायला लावा, मग त्यांचाच व्हिडिओ घ्या. इथे लिखाण त्यांचं आहे यात शंका नाही. आता ज्याचं लिखाण त्याचाच व्हिडिओ अशा दहा जोड्या होतात. आणि सुरेशचं लिखाण नि संगीताचा व्हिडिओ अशा चुकीच्या जोड्या नव्वद होतात. शंभरही जोड्या सॉफ्टवेअरला द्या, कोणती खरी ते सांगू नका. खऱ्या जोड्यांचे आकडे चुकीच्यांपेक्षा ठळकपणे वर आले, तर ते खरंच माणूस ओळखतंय. दोन्हीकडे साठ-सत्तरच येत असतील तर ते फक्त विषय ओळखतंय. आणि खऱ्या दहांतले तीन-चार ४० च्या खाली गेले, तर तो ४० चा आकडा हवेतून आणलेला आहे.

‘वारंवार आला तर’ याबद्दल. समजा प्रामाणिक विद्यार्थ्यावर दर आठवड्याला दहात एकदा चुकून शिक्का बसतो. बारा आठवड्यांत एकदाही न बसण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे जेमतेम २८ टक्के. दर चार प्रामाणिक मुलांतल्या जवळजवळ तिघांवर कधी ना कधी संशय. तुम्ही म्हणता, एकदा सोडून द्या. ठीक, पण ही चूक नाणेफेकीसारखी वाटून पडत नाही. ज्याची बोली घट्ट मालवणी, त्याच्यावर ती दर आठवड्याला पडते. तुमचा ‘वारंवार’चा नियम नेमका त्यालाच पकडतो.

रेश्मा, मालवण
मी अशाच एका कोर्सची विद्यार्थिनी. माझं सांगते. मला विषय येतो, घरची कलमं आहेत. पण लिहिताना वाक्यं नीट होत नाहीत, म्हणून मी मोबाइलमध्ये मालवणीत बोलते आणि चॅटजीपीटीला सांगते, शुद्ध मराठीत लिहून दे. मुद्दे सगळे माझे. मी व्हिडिओत बोलले तर तुमचं मशीन मला चोर ठरवणार का?

बापू, चिपळूण
लिहिणं तुझं नाही, म्हणजे नाही. चर्चेचे गुण लिहिण्याला आहेत.

वर्षा के.
हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही. गुण बागायतीला की शुद्ध मराठीला, हे शैलजाताईंनी आधी ठरवायला हवं.

मोरे मास्तर, गुहागर
नमस्कार. मी निवृत्त, पण अजून एक ऑनलाइन वर्ग घेतो. आम्ही आकडा-बिकडा न लावता करतो. विद्यार्थ्याचं लेखी उत्तर समोर ठेवायचं आणि त्यातल्याच एका वाक्यावर प्रश्न विचारायचा. पूर्ण उत्तर पुन्हा सांगायला लावायचं नाही, ते वाचता येतं. समजा त्याने लिहिलंय ‘गवताचे आच्छादन करावे’. मी विचारतो, तुमच्या बागेत गवत नसेल तर काय घालाल, आणि ते कधी घालाल? किंवा, बाहेरून साका ओळखता येतो का? ज्याने आंबा कापलाय तो लगेच सांगतो, नाही ओळखता येत, वरून फळ अगदी चांगलं दिसतं, कापल्यावरच कळतं. बोलीत सांगितलं तरी मला चालतं. ज्याने नुसतं चिकटवलंय तो ‘साक्याची विविध लक्षणे आहेत’ असं सुरू करतो आणि थांबतो.

दोन मिनिटं पुरतात. एकदा एका मुलीचं लिखाण इतकं गुळगुळीत होतं की ते मशीनचंच असं मी धरून चाललो होतो. तिने साक्याबद्दल मलाच दोन गोष्टी सांगितल्या. गुळगुळीत लिहिणारे खरेही असतात.

शैलजा
मास्तर, ६० मुलांना जोडणी धरून प्रत्येकी पाच मिनिटं म्हटली तरी आठवड्याला पाच तास होतात. आम्ही दोघंच आहोत.

मोरे मास्तर, गुहागर
सगळ्यांना दर आठवड्याला कशाला? चिठ्ठ्या टाकून दहा जण काढा. सहा आठवड्यांत ६० पाळ्या होतात, बारा आठवड्यांत प्रत्येकाची सरासरी दोनदा पाळी. पण एकदा पाळी आलेल्याचं नाव सहा आठवडे बाजूला ठेवू नका, नाहीतर तो निर्धास्त होतो.

बापू, चिपळूण
मग काही जणांची पाळीच येणार नाही. आणि मास्तर, तुम्हाला जे कळतं ते प्रत्येक शिक्षकाला कळतं असं नाही. एखाद्याने ओळखीच्या मुलाला सोपा प्रश्न विचारला तर? मशीन निदान सगळ्यांना सारखं वागवतं.

वर्षा के.
सारखं वागवत नाही, हेच तर वर मांडलं. पण पक्षपाताचा मुद्दा खरा आहे, मास्तरांच्या पद्धतीत तो राहतो. प्रश्न आणि उत्तर रेकॉर्ड करून दुसऱ्या शिक्षकाला नाव न दाखवता ऐकवलं तर थोडा कमी होईल. आवाज ओळखीचा असला तर तेही नाही.

शैलजा
शंभर जोड्यांची चाचणी कंपनीला विचारली. त्यांचा माणूस म्हणतो, ‘आमचं मॉडेल आधीच तपासलेलं आहे.’ कोणावर तपासलंय विचारलं तर म्हणाला इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांवर. मी सांगितलं, केंद्रावर दहा मुलं मी बसवते, तुम्ही लॅपटॉप घेऊन या. सोमवारी कळवतो म्हणालाय. रेश्मा, तुझ्या प्रश्नावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही. सहशिक्षक बापूंच्या बाजूने आहेत.