‘पहिली दिवाळी’ म्हणावं की ‘यंदाची’? घटस्फोटानंतर मैत्रिणीला पाठवायचा सणाचा मेसेज

पाचपाखाडीकर:
माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा घटस्फोट मे महिन्यात झाला. ती आता सात वर्षांच्या मुलाला घेऊन कासारवडवलीला भाड्याच्या घरात राहते. दरवर्षी मी तिला ‘तुम्हा उभयतांना आणि पिल्लूला दीपावलीच्या शुभेच्छा’ असा मेसेज करायचे. यंदा ‘उभयतांना’ गेलं, हे तर उघडच. पण त्या जागी जे लिहिलं, ते पाठवायला हात धजत नाही:

‘पहिली दिवाळी आहे, खचू नकोस. काळजी घे. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. ही दिवाळी तुला सुखाची जावो.’

एकेक शब्द तपासला तर वाईट कुठलाच नाही. तरी सगळं मिळून वाचलं की भेटायला गेलेल्या माणसाने दारात चप्पल काढता काढता म्हणावं तसं वाटतं. नेमका कुठला शब्द खुपतोय? तिची कीव केल्यासारखं मला अजिबात वाटू द्यायचं नाहीये. आणि काही झालंच नाही असं भासवायचंही नाहीये.

नौपाड्याचे आजोबा:
बाई, तुमचा कान बरोबर आहे. खुपतोय तो पहिलाच शब्द.

मराठीत ‘पहिली दिवाळी’ दोनच घरांत म्हणतात. एक, नवं लग्न झालेल्या घरात, म्हणजे दिवाळसण. जावयाला बोलावतात, अभ्यंगस्नान, आहेर, सगळं साग्रसंगीत. दुसरं, ज्या घरात वर्षभरात कोणी गेलंय तिथे. ‘त्यांची पहिली दिवाळी आहे, जाऊन यायला हवं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्या घरात कढई चढत नाही, आप्त फराळाचे डबे नेऊन देतात. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत ‘पहिली’ म्हटलं की पहिला अर्थ टोचतो आणि दुसरा अर्थ तिच्या घराला सुतक लावतो. तिसरा अर्थ भाषेत अजून रुजलेला नाही.

म्हणून ‘यंदा’. यंदाला मोजणी नसते. मागच्या वर्षी काय होतं आणि पुढच्या वर्षी काय असेल, याचा हिशोब तो शब्द मागत नाही.

दुसरं, ‘खचू नकोस’. नकारार्थी आज्ञा द्यायची तर समोरचा ती गोष्ट करतोय किंवा करणार आहे हे आधी गृहीत धरावं लागतं. पळणाऱ्यालाच ‘पळू नकोस’ म्हणतात. तुम्ही ‘खचू नकोस’ म्हटलंत की ती खचलीय असा निकाल तुम्ही देऊन टाकलात. तिला फराळ करताना मजा येत असेल तर?

नेरूळ सेक्टर २०:
मला वाटतं मूळ अडचण ‘घटस्फोट’ शब्दातच आहे. कायद्याच्या भाषांतरासाठी अलीकडे घडवलेला, कोर्टाचा वास येणारा शब्द. त्यापेक्षा आपला जुना ‘फारकत’ किती मऊ आहे. ‘फारकतीनंतरची दिवाळी’ म्हणा, बोच जाते.

नौपाड्याचे आजोबा:
शब्द आज कोर्टात जास्त ऐकू येतो हे खरं, पण तो अलीकडचा नाही. घटस्फोट हा धर्मशास्त्रातला विधी होता आणि त्याचा लग्नाशी संबंध नव्हता. जातीबाहेर टाकलेल्या माणसाला जिवंतपणीच मेलेला धरून नातेवाईक त्याला उदक देत आणि दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडून देई. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हे वर्णन आहे. म्हणजे त्या माणसाशी सगळे संबंध संपले. तोच शब्द पुढे नवराबायकोच्या विभक्त होण्याला लागला. तो विधी ठाऊक नसतानाही लोक घटस्फोटित बाईला सण-समारंभातून हळूच वगळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि फारकत मऊ कशी? फारखती म्हणजे देणंघेणं मिटल्याचा कागद. काडीमोड, सोडचिठ्ठी हेही त्याच घरातले. गावाकडे ‘फारकत दिली’ म्हणतात तेव्हा कोणी कोणाला दिली ते लगेच विचारतात. शुभेच्छेत यातला एकही शब्द नको.

नेरूळ सेक्टर २०:
घटाचं माहीत नव्हतं. तरी कानाला फारकत सौम्य लागतो, यावर मी ठाम आहे. माझी आजी वापरायची.

कळव्याचा प्रभाकर:
सोपं आहे. ‘सौ.’ काढून ‘श्रीमती’ लिहा. श्रीमती फक्त विधवेला लावतात हा गैरसमज आहे, तो कोणाही स्त्रीला लावता येतो. आडनाव माहेरचं की सासरचं, ते मात्र तिला विचारून घ्या.

पाचपाखाडीकर:
प्रभाकरदादा, पाकिटावर नाव घालायचा प्रश्न नाहीये, व्हॉट्सॲपवर लिहायचंय. आम्ही एकमेकींना ‘ए’ म्हणून हाक मारतो. पण आडनाव विचारून घ्यायचं हे पटलं, लग्नपत्रिकांच्या वेळी उपयोगी पडेल.

सानपाड्याची:
मी तीन वर्षांपूर्वी यातून गेलेय, म्हणून लिहिते. तुमच्या मसुद्यात मला सगळ्यात लागलं असतं ते ‘आम्ही सगळे’. कोण सगळे? म्हणजे तुम्ही सगळ्यांनी बसून माझ्यावर बोलून झालं तर. ‘पाठीशी’ हाही लढाईतला शब्द. माझी लढाई कोर्टात संपली होती, मला दिवाळी करायची होती.

त्या वर्षी मला ढिगाने मेसेज आले. ‘स्ट्राँग राहा’, ‘नवी सुरुवात’, ‘देव बघतोय’. एका मैत्रिणीने एवढंच लिहिलं होतं: ‘नरक चतुर्दशीला पहाटे तलावपाळीला येतेस? मी साडेपाचला कोपऱ्यावर उभी असेन. साडी नेस, मीही नेसणारे. नंतरचा चहा तुझ्याकडून.’ मी हार्बर लाइनवरची, एवढ्या पहाटे ठाणं म्हणजे रिक्षा नि लोकल धरून कसरत. तरी गेले, ते ‘चहा तुझ्याकडून’ होतं म्हणून. तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. इतर सगळे नुसते देत होते.

पाचपाखाडीकर:
हे वाचून थांबले जरा. मी फराळाचा डबा पाठवणारच होते, पण आजोबांनी दुखवट्याच्या डब्याचं लिहिल्यावर वाटलं की तो तसा तर नाही ना वाटणार?

नौपाड्याचे आजोबा:
डब्याने काही होत नाही. एकीकडून डबा जातो आणि तिकडून काहीच यायचं नसतं, तेव्हा तो दुखवट्याचा. शेजारपाजारची ताटं जातात आणि येतात. आपल्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत, निदान साखर घालतात. तेव्हा तुम्ही पाठवा आणि तिच्याकडचंही मागा. तिच्या हातचं काय चांगलं होतं?

पाचपाखाडीकर:
चकली! भाजणी तिच्या आईची.

घोडबंदरवाला:
‘सहकुटुंब’ लिहा की. आई आणि मुलगा हे कुटुंबच आहे, ठासून लिहा.

नौपाड्याचे आजोबा:
भावना अगदी योग्य. फक्त माझ्या पिढीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. पत्रिकेवरच्या ‘सहकुटुंब’मध्ये तो जुना अर्थ अजून ऐकू येतो. आणि ठासून लिहिलेला शब्द ठासलेलाच दिसतो. त्याहून साधा ‘तुमच्याकडे’ आहे. ‘तुमच्याकडे आकाशकंदील लागला का?’ यात ती आणि मुलगा आपसूक येतात. लोक इथेच चुकतात, कालपर्यंत ‘तुमच्याकडे’ म्हणणारे घटस्फोटानंतर एकदम ‘तुझ्याकडे’ म्हणायला लागतात. एका अक्षरात घर लहान होतं.

सानपाड्याची:
होय! हे मला जाणवायचं, पण बोट ठेवता येत नव्हतं. मी तर एकटीच राहते, तरी मला ‘तुमच्याकडे’च आवडतं.

आणखी एक, मेसेज वसुबारस-धनत्रयोदशीला जाऊ दे. पाडव्याच्या दिवशी मात्र गप्प बसू नका. नवऱ्याला ओवाळायचा दिवस म्हणून त्या दिवशी मला कोणी काही लिहिलंच नाही. फोन दिवसभर शांत होता. इतकी काळजी घेतली सगळ्यांनी की ती शांतताच बोलत होती.

घोडबंदरवाला:
मग पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ लिहावं. पाडवा मुळात बळीचा, नवऱ्याबायकोचा नंतर. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्तही तोच. दुकानदार त्या दिवशी नव्या वहीची पूजा करतात.

नेरूळ सेक्टर २०:
सुंदर आहे, पण ‘पिडा’ कोण, असं नाही वाटणार? मुलाच्या हातात फोन असेल. त्याचा बाप आहे तो.

घोडबंदरवाला:
माझी आई भाऊबीजेलाही म्हणते. तिथे कोणी बापाचा विचार करत नाही.

सानपाड्याची:
मला कोणी पाठवलं असतं तर मी हसले असते. माझ्या बहिणीला नसतं आवडलं. माणसावर आहे.

पाचपाखाडीकर:
पाडव्याचं मी तिच्या स्वभावाकडे बघून ठरवते. तोवर हे लिहिलंय:

‘ए, तुमच्याकडे कंदील लागला का? मे महिन्यापासून तुझी आठवण रोज येते, फोन करायला उशीर झाला, ते भेटल्यावर बोलू. यंदा माझे बेसनाचे लाडू जमलेत. शनिवारी डबा घेऊन येते, येताना तुझी चकली नेणार. पिल्लूला किल्ल्यासाठी मावळे आणू का, की आहेत त्याच्याकडे? दिवाळीच्या खूप शुभेच्छा.’

‘जावो’ काढलं. बरोबरीच्या मैत्रिणीला आशीर्वाद दिल्यासारखं वाटत होतं. मे महिना ठेवला, कारण तो वगळला तर खोटं झालं असतं.

नौपाड्याचे आजोबा:
‘जावो’ला माझी हरकत नव्हती, ते रूढ आहे. पण बाकी मजकुराला हात लावू नका. मावळ्यांचा प्रश्न फार छान.

पाचपाखाडीकर:
अजून एक अडचण, हसू नका. तिचा एक स्टीलचा डबा गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आहे. लाडू त्यातच न्यायचे होते. आज घासून पुसला तर झाकणावर दोघांची नावं कोरलेली, लग्नाची तारीख, खाली ‘सप्रेम भेट’. हा न्यावा की दुसऱ्या डब्यात न्यावं?

सानपाड्याची:
माझ्या घरी अशी नावं कोरलेली निदान वीस भांडी आहेत. पातेली, परात, कुकरचे डबे. मी त्यातच जेवण करते, स्टील चांगलं आहे. तुम्ही डबा बदललात तर जुना कधीतरी परत करावाच लागेल, आणि तेव्हा तो नुसता रिकामा हातात द्याल. त्यापेक्षा भरलेला द्या.

नेरूळ सेक्टर २०:
मी बदलला असता. सणाच्या दिवशी ती नावं समोर कशाला?

पाचपाखाडीकर:
मेसेज पाठवला. वीस मिनिटांनी उत्तर आलं: ‘मावळे आहेत, तोफ नाहीये. चकली यंदा जरा नरम झालीय, चालेल का? आणि माझा मोठा डबा तुझ्याकडेच आहे ना, तो आण, मला शेवेला हवाय.’