खाली दुकानं, वर घरं: लिफ्टचे पैसे गाळेवाल्याने का द्यायचे?

गाळा_नंबर_३ (जळगाव): तळमजल्यावर माझं दुकान. लिफ्टमध्ये कधी पाय ठेवला नाही, नळ एकच. तरी सोसायटी फ्लॅटवाल्यांइतकाच मेंटेनन्स मागते. गाळेवाल्यांनी पैसे देणं बंद करावं.

तिसरा_मजला (भुसावळ): बंद करा! पण आधी तुम्हा गाळेवाल्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या जिन्याच्या तोंडावरून काढा. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात आईला चक्कर आली. स्ट्रेचर खाली आलं, तर दारात गाड्या आडव्या, काहींचं हँडल लॉक. दोघांनी मागची चाकं उचलून गाड्या बाजूला सरकवल्या, तेव्हा वाट झाली. मेंटेनन्सचा हिशेब नंतर करू.

सचिव_धुळे: गाळेवाले भाऊ, लिफ्टचं तुम्ही हरलात, पाण्याचं जिंकलात. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखा, वापरा की नका वापरू. पाणी मात्र नळांची संख्या आणि आकार बघून. आमच्याकडे ८ गाळे, ४ ऑफिसं, १२ फ्लॅट. लिफ्टचे महिन्याला ६००० आले की प्रत्येकी २५०. गाळे वगळले तर बाकीच्यांवर ३७५. पण पाणीही सरसकट सारखं वाटत असतील, तर लेखी हरकत घ्या.

वकील_नाही_पण: चूक. मोठ्या गाळ्याला जास्त पैसे लागतात, क्षेत्रफळावर. आमच्याकडे तसंच आहे.

सचिव_धुळे: तुमच्याकडे सोसायटी नसेल, अपार्टमेंटचं डिक्लेरेशन झालं असेल. १९७० च्या अपार्टमेंट कायद्यात खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीवर जातो, म्हणून मोठ्या गाळ्याला जास्त. सोसायटीचा हिशेब वेगळा. आधी कागद काढून बघा, मग भांडा.

वकील_नाही_पण: बरं, डिक्लेरेशनच आहे. पण मोठ्या गाळ्याला जास्त, हे मी चूक सांगितलं नव्हतं.

गाळा_नंबर_३: आणि पार्किंग? बिल्डरने स्टिल्टमधल्या जागा फ्लॅटवाल्यांना विकल्या. माझं गिऱ्हाईक गाडी काय डोक्यावर ठेवेल?

सचिव_धुळे: रेराच्या आधीच्या इमारतीत स्टिल्टची जागा स्वतंत्र विकता येत नाही, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. पण म्हणून ती गिऱ्हाइकांची होत नाही. तिचं वाटप सोसायटी करते.

वहिनी_नंदुरबार: आमचं दुखणं पहिल्या मजल्यावरचा क्लास. मुलं आमच्याच जिन्याने येतात, रात्री नऊपर्यंत. कोण कुठलं, कळत नाही. बाजूच्या मोकळ्या जागेत क्लाससाठी लोखंडी जिना करायचं ठरतंय.

तिसरा_मजला: थांबा वहिनी! ती जागा बंबासाठी सोडलेली असते. महापालिका असो की नगरपालिका, मंजुरीशिवाय एक पायरी लावू नका. क्लासला रस्त्याकडून दार निघतं का ते आर्किटेक्टकडून बघून घ्या, जिना तोडायची पाळी नको.

वहिनी_नंदुरबार: रस्त्याकडून दुकानाची शटरं आहेत, दार काढायला जागाच नाही.

गाळा_नंबर_३: नळांचं बिल काढून बघतो. लिफ्टचा वाटा देईन, पण गाड्यांसाठी पट्टा आखून द्या, तोवर नाही.

तिसरा_मजला: पट्टा आखा, पण जिन्यापासून दोन माणसं स्ट्रेचर धरून वळतील एवढी जागा सोडून. त्याच्या आत गाडी दिसली की मी स्वतः ओढीन.