अनुभव धागा: डाय धुताना पाणी केव्हा स्वच्छ म्हणायचं?

डाय लावण्यावर आपण खूप बोलतो, आज फक्त धुण्यावर लिहा. घरी, बादली-मगवर, पांढरे केस झाकणारा नेहमीचा क्रीम डाय.

नौपाड्यातली पार्लरवाली: वेळ पूर्ण झाली की लगेच मगभर पाणी ओतू नका. क्रीम तेलकट असतं, पाणी वरून घसरतं आणि मुळाशी डाय तसाच राहतो. आधी इमल्सिफाय करा. ओंजळभर कोमट पाणी केसांवर शिंपडा आणि बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, एक-दोन मिनिटं चोळा. क्रीम सैल होऊन फेसाळतं आणि त्वचेवरचा डाय सोबत उचलतं. कपाळाची कड, कानामागे आणि मान इथे थोडा जास्त वेळ द्या, डाग तिथेच राहतात. मग भरपूर पाणी.

ऐरोलीकर: पाणी थंडच हवं. गरम पाण्याने केसाचं कवच उघडतं आणि रंग जातो. शेवटी थंड पाणी ओतलं की कवच बंद!

नौपाड्यातली पार्लरवाली: दादा, गरम पाणी नको हे अगदी बरोबर. पण अगदी गार पाण्याने क्रीम नीट सुटत नाही. मनगटावर ना गरम ना गार लागेल इतकं कोमट घ्या. आणि कवच बसवायचं काम गार पाण्यापेक्षा डब्यातला आम्लधर्मी कंडिशनर जास्त करतो.

नेरूळ, सेक्टर माहीत नको: मी मेंदी लावते. पाणी किती वेळ तांबूस यावं?

घोडबंदर रोड: ताई, मेंदीचं गणित वेगळं. तिथे पाण्याच्या रंगापेक्षा कण बघायचे. बोटांना चरचरीत लागलं की अजून धुवायचं. तांबूसपणा पुढच्या एक-दोन धुण्यांतही दिसतो. मात्र पाकिटातली ‘काळी मेंदी’ असेल तर घटक वाचा, त्यात पीपीडी हे डायमधलं रसायन असेल तर तो डायच समजून धुवा.

डायसाठी माझी पद्धत: मानेवरून गळणारं शेवटचं पाणी पांढऱ्या मगमध्ये धरायचं. लाल बादलीत काहीच कळत नाही. वरचे केस स्वच्छ झाले तरी मागचा दाट भाग रंग सोडत राहतो, म्हणून तिथले केस भाग पाडून धुवायचे. मगमधलं पाणी स्वच्छ दिसलं की पांढऱ्या जुन्या टॉवेलने मान टिपायची. डाग आला तर पुन्हा एक फेरी. अर्धवट धुतलं तर टाळू खाजते आणि उशीचा अभ्रा रंगतो. आमच्याकडे टँकरचं जड पाणी आलं तर शाम्पूचा फेस कमी होतो, तेव्हा फेसावर विसंबू नका, पाण्याचा रंगच बघा.

कोपरखैरणे: बरगंडीला पाणी स्वच्छ होतच नाही, फिकट गुलाबी राहतं. तेव्हा थांबायचं कुठे?

नौपाड्यातली पार्लरवाली: लाल छटा सोडतातच. गडद लालवरून फिकट गुलाबीवर येऊन दोन मग सलग तसंच राहिलं, हाताला बुळबुळीत लागलं नाही, की थांबा.

ऐरोलीकर: आणि त्याच दिवशी शाम्पू?

घोडबंदर रोड: मी नाही करत.

नौपाड्यातली पार्लरवाली: मी सौम्य शाम्पूचा एक हात देते, टाळूवर काही उरायला नको. दोन्हीपेक्षा आधी पाकिटातलं पत्रक वाचा, काही डायमध्ये शाम्पू सांगितलेला असतो, काहींत नसतो.